गोदामात पडून असलेला माल ऑर्डरला लावायचा, तर किंमत कोणती धरायची? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकजवळच्या अंबड आणि सातपूरच्या छोट्या फॅब्रिकेशन युनिट्सची कोटेशनं आणि कॉस्टिंग मी बघतो. एकच वाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो लिहूनच काढावा असं वाटलं. मालक म्हणतात, "माल घरचाच आहे, त्याचे काय पैसे लावायचे?" अकाउंटंट म्हणतो, "बिल ३४० रुपये किलोचं आहे, तेवढे लावावेच लागतील." दोघेही चुकतात, आणि दोन्ही चुकांमध्ये पैसा जातो. खालचे सगळे प्रश्न मी एकाच ऑर्डरच्या आधारे सोडवले आहेत. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तुमच्याकडे आजचे दर टाका.

ऑर्डर नेमकी काय आहे?

दिंडोरीकडच्या एका वायनरीला दोन छोट्या टाक्या हव्या आहेत. अंगाला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, वरच्या भागाला ३१६. हा वरचा भाग ३१६ चा मागतात त्यामागे कारण आहे. वाइनमध्ये घातलेल्या सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तो द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत साठतो आणि तिथल्या ओलाव्याबरोबर ३०४ ला खड्डे पाडतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते जास्त टिकतं. टाकीभोवती पीयू फोमचं इन्सुलेशन लागेल.

ग्राहक ३,१०,००० रुपये देतो आहे, एक रुपया जास्त नाही. मजुरी, वेल्डिंग, पॉलिश, वाहतूक असा या ऑर्डरमुळे नव्याने होणारा खर्च ९०,००० आहे. राहिला माल. त्यातला बराचसा युनिटमध्ये आधीपासून आहे:

३०४ ची २ मिमी शीट ६०० किलो आहे. १९० रुपये किलोने घेतलेली, आजचा दर २३० पोच. ही शीट दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कामाला लागते. या ऑर्डरला ४०० किलो हवी.

३१६ ची ३ मिमी शीट ३०० किलो आहे: दोन पूर्ण शीट आणि एक कापलेली. रद्द झालेल्या एका ऑर्डरसाठी ३४० ने घेतली होती, तेव्हापासून भिंतीला टेकून उभी आहे. आज नवी घ्यायची तर ३८०. या ऑर्डरला ३५० किलो लागेल.

पीयू फोमच्या रसायनांचे ड्रम आहेत, ६०,००० रुपयांचे. मुदत दोन महिन्यांत संपते. विकणारा परत घेत नाही.

बिलावरची किंमत का धरायची नाही?

कारण ते पैसे गेलेले आहेत. ऑर्डर घेतली तरी गेलेले, नाही घेतली तरी गेलेले. "हो" म्हटल्यावर आणि "नाही" म्हटल्यावर जो आकडा बदलत नाही, त्याने हो की नाही हे ठरवता येत नाही. याला बुडीत खर्च म्हणतात, पण शब्द थोडा फसवा आहे: माल बुडालेला नसतो, फक्त त्याचं बिल इतिहासजमा झालेलं असतं.

मग माल फुकट धरायचा का?

नाही. सातपूरच्या एका युनिटमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पितळी रॉड "पडूनच आहे" म्हणून एका जॉबला शून्य किमतीने लावला आणि जॉब स्वस्तात घेतला. तीन आठवड्यांत नेहमीच्या ग्राहकाचं शेड्यूल आलं आणि तोच रॉड वाढलेल्या दराने विकत आणावा लागला. स्वस्तात घेतलेल्या जॉबचा खर्च दुसऱ्याच जॉबच्या नावावर पडला, म्हणून महिनाअखेरीपर्यंत कुणालाच कळलं नाही. बिन कार्ड, म्हणजे मालाच्या आवक-जावकीची नोंद, पाहिलं असतं तर रॉड दर महिन्याला उचलला जातो हे तिथेच दिसलं असतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: हा माल आज या ऑर्डरला गेला, तर त्याच्या नसण्यामुळे मला पुढे काय करावं लागेल, किंवा काय सोडावं लागेल? त्याची रुपयांतली किंमत म्हणजे या मालाचा निर्णयासाठीचा खर्च. पुस्तकात याला रिलेव्हंट कॉस्ट म्हणतात.

नेहमी लागणाऱ्या मालाला कोणता दर?

आजचा खरेदी दर, पोच. आपल्या ३०४ शीटचं उदाहरण घ्या. या ऑर्डरला ४०० किलो दिली की तेवढीच पुन्हा मागवावी लागणार, हे नक्की. म्हणून ४०० गुणिले २३०, म्हणजे ९२,०००. बिलाच्या हिशोबाने ७६,००० येतात आणि १६,००० चा खर्च नजरेआड होतो.

दर "पोच" धरा. कळंबोलीच्या बाजारातला भाव फोनवर विचारला आणि तोच लिहिला, असं फार होतं. गाडीभाडं, उतराई आणि शीट कापून आणायची असेल तर कापण्याची मजुरी हे सगळं मिळून तुमच्या शेडमध्ये किलोला काय पडतं तो दर.

गोदामात ६०० किलो आहे, लागणार ४०० किलो. लगेच खरेदी होणारच नाही, तरीही?

तरीही. खरेदी आज झाली की दोन आठवड्यांनी, एवढाच फरक. माल नेहमीच्या वापरातला असेल तर काढलेला प्रत्येक किलो पुढची खरेदी तेवढी अलीकडे आणतो. दर तोपर्यंत बदलेल असं तुम्हाला खात्रीने माहीत असेल (पुरवठादाराने पुढच्या महिन्याचा नवा दर कळवला असेल, उदाहरणार्थ) तर तो नवा दर धरा.

नेहमी न लागणाऱ्या मालाचं काय?

इथे खरी मेख आहे, म्हणून सावकाश बघू.

३१६ ची शीट आपण पुन्हा घेणार नाही. ती संपली तरी कोणाचं काम अडणार नाही. म्हणजे ३८० चा दर इथे लागू नाही. जी खरेदी होणारच नाही तिचा खर्च कसा धरणार? ३४० तर बाद झालेच आहेत. मग ही शीट या ऑर्डरला दिल्याने आपण काय गमावतो? दोनच गोष्टी असू शकतात: ती विकून आलेले पैसे, किंवा ती दुसऱ्या कामाला लावून वाचलेले पैसे. यातला जो मार्ग आपण खरोखर धरला असता, म्हणजे जास्त पैसे देणारा, त्याची किंमत धरायची.

विक्री: व्यापारी १९० रुपये किलो द्यायला तयार आहे. शीट उचलून त्याच्यापर्यंत पोचवायला किलोमागे १० रुपये जातात. हातात १८० उरतात.

दुसरं काम: आपल्याकडे एका मसाला कारखान्याच्या हॉपरची ऑर्डर आधीच घेतलेली आहे. तिला ३ मिमी ३०४ शीट २०० किलो लागणार आहे. ती गोदामात नाही, २३५ ने आणावी लागेल. त्याऐवजी ३१६ लावली तर चालेल, ग्रेड वरचाच आहे. पण कापलेल्या तुकड्यांतून नेस्टिंग करताना, म्हणजे हॉपरचे भाग त्यांवर बसवताना, जादा जोड आणि जादा कटिंग लागतं, किलोमागे १५ रुपये. म्हणजे निव्वळ बचत २२० रुपये.

२२० हे १८० पेक्षा जास्त. म्हणून पहिल्या २०० किलोचा खरा उपयोग हॉपर हाच. पण हॉपरला २०० किलोच लागते. उरलेल्या १०० किलोला विक्रीशिवाय वाट नाही. म्हणून ३०० किलोची किंमत सरसकट २२० धरणं चूक आणि सरसकट १८० धरणंही चूक. २०० किलो २२० ने ४४,००० आणि १०० किलो १८० ने १८,०००, एकूण ६२,०००.

कमी पडणारी ५० किलो मात्र नवी आणावी लागेल. तिचा दर ३८०, म्हणजे १९,०००. एकाच शीटला एकाच ऑर्डरमध्ये तीन वेगवेगळे दर लागले. हे बघून अकाउंटंट अस्वस्थ होतात. पण हे तीनही दर तीन वेगळ्या परिणामांचे आहेत.

टाक्यांना १५० किलोच ३१६ लागली असती तर?

तर आधी कमी मोलाचा माल जातो. विकायला काढलेली १०० किलो १८० ने, आणि हॉपरच्या वाट्यातली ५० किलो २२० ने. १८,००० अधिक ११,०००, एकूण २९,०००. सरासरी काढू नका. तुम्ही स्वतः माल वाटताना आधी भंगारात जाणारा हिस्साच उचलाल ना, तसाच हिशोब.

पर्यायी उपयोगाची किंमत नव्या खरेदीच्या दरापेक्षा जास्त आली तर?

तर नव्या खरेदीचा दरच धरायचा. समजा एखाद्या कामात ३१६ वापरून किलोला ५०० रुपये वाचतात. आपल्याकडची शीट टाक्यांना गेली म्हणून ते काम बुडत नाही. आपण ३८० देऊन नवी शीट आणू आणि ते काम करू. नुकसान ३८० चंच. बाजारात माल सहज मिळत असेल तोवर खरेदीचा दर हे छप्पर आहे. माल मिळतच नसेल, किंवा मिळेपर्यंत काम हातचं जाणार असेल, तर हे छप्पर उरत नाही आणि पूर्ण ५०० धरावे लागतात.

पर्यायी उपयोग म्हणून "कधीतरी लागेल" चालेल का?

चालणार नाही. हॉपरची ऑर्डर हातात आहे, ड्रॉइंग मंजूर आहे, तारीख ठरलेली आहे, म्हणून तिची किंमत धरली. "पुढेमागे कुणीतरी ३१६ मागेल" याला मी विक्रीचाच दर लावतो. मालकांना हे जड जातं, कारण महागात घेतलेली वस्तू स्वस्त म्हणवत नाही. बिन कार्डवर शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. दोन वर्षं ओळ कोरी असेल तर उत्तर मिळालं.

उपयोग नाही, विक्री नाही, उलट फेकायला पैसे लागतात, असा माल?

फोमचे ड्रम तसेच आहेत. मुदत संपली की रसायन वापरता येत नाही, नाल्यात ओतता येत नाही आणि भंगारवाल्याला देताही येत नाही. धोकादायक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी पाठवावे लागतील. वाहतुकीसह ८,००० रुपये धरू. ऑर्डर घेतली तर ड्रम वापरले जातील आणि हे ८,००० वाचतील. म्हणून त्यांचा खर्च शून्यही नाही, वजा ८,००० आहे. ऑर्डरच्या बाजूने जमा होणारी रक्कम.

यात एक धोका आहे. वजा किंमत दिसली की मुदत संपलेला मालही ढकलायचा मोह होतो. फोम नीट फुगला नाही तर टाकीचं इन्सुलेशन कमकुवत होतं आणि टाकी परत येते. मुदतीत असलेला, चाचणीला थोडासा मिसळून पाहिलेला मालच या हिशोबात बसतो.

मग ऑर्डर घ्यायची की नाही?

३०४ चे ९२,०००, ३१६ चे ६२,००० आणि १९,०००, फोमचे वजा ८,०००. मालाचा निर्णयासाठीचा खर्च १,६५,०००. त्यात बाकीचे ९०,००० मिळवले की २,५५,०००. ग्राहक ३,१०,००० देतो. घ्यायची, ५५,००० ने आपण पुढे राहतो.

बिलाच्या किमतीने तोच हिशोब करा: माल २,५७,०००, बाकी ९०,०००, एकूण ३,४७,०००. ३७,००० चा तोटा दिसतो आणि ऑर्डर परत जाते.

५५,००० वर विश्वास कसा ठेवायचा? वहीत तर तोटाच दिसेल.

दोन वाटांवर प्रत्यक्ष किती पैसे येतात-जातात ते मांडून बघा. मी शंका घेणाऱ्या प्रत्येकाला हेच करायला सांगतो.

ऑर्डर घेतली: ३,१०,००० आले. ९०,००० मजुरी वगैरेत गेले, १९,००० कमी पडलेल्या ३१६ ला, ९२,००० ची ३०४ पुन्हा भरली, आणि हॉपरसाठी २०० किलो शीट विकत आणावी लागली तिचे ४७,०००. हातात ६२,०००.

ऑर्डर नाकारली: १०० किलो ३१६ विकून १८,००० आले. ड्रमच्या विल्हेवाटीत ८,००० गेले. हॉपरमध्ये ३१६ लावली त्याच्या जादा कामाचे ३,००० गेले. हातात ७,०००.

फरक ५५,०००. यात ३१६ च्या बिलाचे ३४० किंवा ३०४ च्या बिलाचे १९० हे आकडे कुठेही आले नाहीत, कारण दोन्ही वाटांवर त्यांचं काही घडतच नाही.

वहीत या जॉबवर तोटा दिसेल हे खरं. पण तो तोटा ३१६ ची मूळ ऑर्डर रद्द झाली तेव्हाच आणि ड्रम गरजेपेक्षा जास्त घेतले तेव्हाच झालेला आहे. टाक्यांच्या ऑर्डरने तो दाखवला इतकंच. हिशोबाचा नियम (लेखा मानक २) साठ्याचं मोल खरेदी किंमत किंवा निव्वळ विक्री मोल यांतल्या कमी आकड्याने लावायला सांगतो. त्याप्रमाणे ही शीट मागच्या मार्चअखेरीसच खाली आणली असती, तर आज तोटा इतका दिसला नसता. आणि वहीतलं मोल खाली आणलं तरी निर्णयाचे ५५,००० बदलत नाहीत.

५० किलो शीट कोणी सुटी देत नाही. पूर्ण शीटच घ्यावी लागते.

बरोबर, आणि हे हिशोबात घ्यायलाच हवं. १५०० बाय ३००० ची ३ मिमी ३१६ शीट जवळपास १०८ किलो भरते. तिचे ४१,०४० द्यावे लागतील. ५० किलो वापरून ५८ किलो उरेल. तिचा दुसरा उपयोग नाही, म्हणून १८० ने १०,४४० परत येतील. म्हणजे त्या ५० किलोचा खर्च १९,००० नसून ३०,६०० आहे. फायदा ५५,००० वरून ४३,४०० वर येतो. ऑर्डर अजूनही घेण्यासारखी आहे, पण काठावरच्या ऑर्डरी याच ठिकाणी उलटतात. एखाद्या फॅब्रिकेटरकडे योग्य मापाचा ऑफकट मिळाला तर तो आधी विचारा.

भाव पडले असतील, म्हणजे घेतला महाग आणि आज स्वस्त, तर?

नियम तोच. स्टेनलेसचा भाव निकेलवर हलतो, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेल इतकं उसळलं की व्यवहार थांबवावे लागले होते. अशा वेळी घेतलेला माल पुढे वर्षभर "एवढ्याला पडलाय" म्हणून राखून ठेवणारे बघितले आहेत. नेहमी लागणारा माल असेल तर आजचा कमी दर धरून कोटेशन द्या. शेजारचा तेच करतो आहे.

जीएसटी धरायचा का?

नोंदणीकृत युनिटला इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून वरचे सगळे दर जीएसटीविना आहेत. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, मग नव्या खरेदीचा दर करासह धरा.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते. माल नष्ट केला किंवा निर्लेखित केला तर त्यावर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, कलम १७(५). ड्रमवर १८ टक्के धरले तर ते १०,८०० होतात. म्हणजे ड्रम वापरल्याने ८,००० नव्हे, १८,८०० वाचतात. वरच्या हिशोबात मी हे धरलेलं नाही.

ग्राहक म्हणतो, "पुढच्या हंगामात आणखी दोन टाक्या याच भावात."

इथे थांबा. जुनी ३१६ आणि जुने ड्रम एकदाच आहेत. पुढच्या वेळी ३५० किलो ३१६ पूर्ण ३८० ने, म्हणजे १,३३,००० ची येईल. त्यात ३०४ चे ९२,००० आणि फोमचे आजच्या दराने ६०,००० धरा. माल २,८५,०००, बाकी ९०,०००, एकूण ३,७५,०००. ३,१०,००० मध्ये ती ऑर्डर ६५,००० ने आत जाते. म्हणून कोटेशनवर स्पष्ट लिहा की हा दर उपलब्ध साठ्यापुरता आहे. आणि पहिल्या वेळीसुद्धा २,५५,००० हा तळ आहे, मागायचा भाव नाही. ग्राहक ३,१०,००० देत असताना खाली उतरायचं काही कारण नाही.

जुनी शीट ३१६ च आहे हे कशावरून?

हे आधी तपासा, मग हिशोब करा. दोन वर्षांत शीट इकडची तिकडे होते, आणि चुंबक लावून ३०४ व ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत. शीटवर छापलेला हीट नंबर, म्हणजे पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. कापलेल्या शीटवरचा नंबर बहुधा कापलेल्या बाजूबरोबर गेलेला असतो. मग मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी किंवा हातातल्या एक्स-रे यंत्राने तपासणी करून घ्या. त्याचा खर्च या ऑर्डरच्या खात्यात टाका, कारण ऑर्डर नसती तर तो केला नसता. वायनरी सर्टिफिकेट मागणार असेल आणि ते सापडत नसेल, तर ती शीट त्या टाकीसाठी तुमच्याकडे नाहीच असं समजा. मग नवी ३५० किलो आणावी लागेल, जुनी हॉपरला आणि व्यापाऱ्याला जाईल, आणि ३१६ चा खर्च ८१,००० वरून १,३३,००० होईल. ५५,००० मधले फक्त ३,००० उरतील, आणि पूर्ण शीटमधून उरणाऱ्या तुकड्यांचं नुकसान धरलं की तेही जातील.